सोनोग्राफीत ‘पिशवीला सूज, तोंडाशी गाठी, मागे पाणी’ आलंय? आधी पाळीची तारीख बघा

प्रश्न: माझं वय ३९, दोन मुलं, दोन्ही साधी बाळंतपणं. राहायला नाशिकला सिडकोत. १५ ऑगस्टला संध्याकाळपासून उजवीकडे ओटीपोटात दुखायला लागलं. थांबेना म्हणून १७ तारखेला सोनोग्राफी केली. रिपोर्टवर बल्की युटेरस, नॅबोथियन सिस्ट आणि पीओडीमध्ये फ्री फ्लुइड असं लिहिलंय. एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, पिशवीला सूज आहे, तोंडाशी गाठी आहेत, मागे पाणी साठलंय. दोन मुलं झालीत तर काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको. आता दुखणं थांबलंय. पाळी वेळेवर येते, चार दिवस असते. घरचे सगळे घाबरलेत. खरंच पिशवी काढावी लागेल का? रिपोर्टचा फोटो जोडलाय.

उत्तर:

नाही ताई. तुमच्या रिपोर्टमध्ये पिशवी काढायला लागेल असं एकही वाक्य नाही. मी तो दोनदा वाचला. का नाही ते नीट सांगते, म्हणजे घरच्यांना तुम्हालाच समजावता येईल.

फोटोत वरच्या कोपऱ्यात, तुमच्या नावाखाली, शेवटच्या पाळीची तारीख छापली आहे: ३ ऑगस्ट. ती ओळ कुणी वाचतच नाही. सगळ्यांची नजर थेट खालच्या जाड अक्षरांतल्या निष्कर्षावर जाते. पण बाईच्या ओटीपोटाच्या सोनोग्राफीत ही तारीख हातात नसेल तर खालच्या निम्म्या शब्दांचा अर्थच लागत नाही. ३ तारखेला पाळी आली, म्हणजे १७ तारीख हा पाळीचा पंधरावा दिवस. दुखायला लागलं १५ तारखेला, म्हणजे तेराव्या दिवशी. तुमची पाळी साधारण २८ दिवसांनी येत असेल, तर बीज फुटायची वेळ अगदी हीच.

आता त्याच रिपोर्टमधली उजव्या बीजकोशाची ओळ बघा. तिथे १९ मिलिमीटरचं ‘कॉर्पस ल्युटियम’ लिहिलंय, आणि ते निष्कर्षात घेतलेलं नाही. दर महिन्याला एका बीजकोशात पाण्याने भरलेली एक छोटी पिशवी वाढते. फुटायच्या आधी ती १८ ते २५ मिलिमीटरची होते, आपल्याकडच्या द्राक्षाच्या चांगल्या भरलेल्या मण्याएवढी. ती फुटते, बीज बाहेर पडतं, आतलं पाणी पोटात सांडतं, आणि मागे जे कवच उरतं ते कॉर्पस ल्युटियम. तुमच्या उजव्या बाजूला ते कवच दिसतंय, दुखत होतं तेही उजवीकडेच, आणि गर्भाशयाच्या मागे थोडं पाणी आहे. ते कुठून आलं हे रिपोर्टनेच सांगितलंय.

पीओडी म्हणजे ‘पाउच ऑफ डग्लस’. जेम्स डग्लस नावाच्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १७३० साली या जागेचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. गर्भाशय पुढे, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मागे, आणि मधे पोटाच्या आतल्या अस्तराची एक खोलगट घडी. उभ्या बाईच्या पोटातली ही सगळ्यात खालची जागा. वाड्याच्या अंगणात पाणी कुठेही पडलं तरी मोरीकडेच वाहत येतं, तसं पोटात कुठेही थोडा द्रव सुटला तर इथे येऊन थांबतो. बीज फुटल्यावरचं पाणी येतं. पाळीच्या दिवसांत थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात उतरतं, तेही इथेच येतं, आणि बहुतेक बायकांत ते होतंच. पडद्यावर हे पाणी काळं दिसतं. थोडं असेल तर पिशवीच्या मागच्या कडेला नखाच्या कोरीएवढी काळी चंद्रकोर. शरीर ते काही दिवसांत शोषून घेतं. त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

गडबड होते ती भाषांतरात. रिपोर्टवर ‘मिनिमल फ्री फ्लुइड’ असतं आणि आपण बाईला सांगतो ‘पाणी झालंय’. मराठीत पोटात पाणी होणं म्हणजे यकृताचा आजार, क्षय, नाहीतर कॅन्सर. बाईने शेजारीपाजारी कुणाला तरी असं पाणी काढताना पाहिलेलं असतं. तसंच ‘सिस्ट’चं होतं ‘गाठ’, आणि ‘बल्की’ची होते ‘सूज’. गाठ म्हटलं की कॅन्सर आणि सूज म्हटलं की आत काहीतरी पिकलंय. तीन साध्या नोंदी मराठीत आल्या की तीन आजार होतात. मग चौथं वाक्य कुणी बोललं की काढून टाका, तर ते पटतं. तुमच्या घरचे घाबरले यात त्यांचा काहीही दोष नाही.

पण हेच शब्द दुसऱ्या बाईच्या कागदावर जिवावरचे ठरतात, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी निफाडकडची एक ताई आली. वय २९. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती, म्हणून दुखणं अंगावर काढत होती. तिच्याकडेही एक सोनोग्राफीचा कागद होता आणि त्यावरही पीओडीमध्ये फ्री फ्लुइडच लिहिलं होतं. पाळीची तारीख विचारली तर ती म्हणाली, दहा दिवस वर गेली होती, आणि काल थोडंसं तपकिरी दिसलं, म्हणून आली असं धरलं. चेहरा पांढरा पडलेला, खुर्चीवरून उठताना भिंतीला हात लावत होती. खांदा दुखतोय असंही म्हणाली, आणि त्याचं खापर कात्रीवर फोडत होती. लघवीची गर्भतपासणी केली, दोन रेघा आल्या. पुन्हा सोनोग्राफी केली तर पिशवीत गर्भ नाही आणि मागचं पाणी स्वच्छ काळं नाही, त्यात बारीक पांढरे ठिपके तरंगत होते. तेच पाणी वर यकृताखालीही पोचलं होतं. ते पाणी नव्हतं, रक्त होतं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटातलं रक्त वर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलं की ते दुखणं खांद्यात जाणवतं, छाटणीशी त्याचा काही संबंध नव्हता. तासाभरात ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती आणि पोटातून लिटरभर रक्त निघालं. ती वाचली.

तिच्या कागदावरचा शब्द आणि तुमच्या कागदावरचा शब्द एकच. फरक होता तारखेत, लघवीच्या तपासणीत, पाण्याच्या रंगात आणि पाणी किती वर चढलंय त्यात. म्हणून पाळी थोडीही पुढे गेली असेल, किंवा नेहमीपेक्षा वेगळी, नुसती डागासारखी आली असेल, आणि रिपोर्टवर फ्री फ्लुइड असेल, तर औषधाच्या दुकानातून गर्भतपासणीची पट्टी आणून आधी ती करा. नसबंदी झालेली असली तरी करा, कारण नसबंदीनंतर क्वचित गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त. चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल किंवा पोट कडक झालं असेल, तर पट्टीचीही वाट न बघता थेट दवाखाना गाठा. तुमच्या बाबतीत ३ तारखेची पाळी वेळेवर आली, नेहमीसारखी चार दिवस राहिली, आणि कवच, पाणी, दुखणं यांचा मेळ बसतो. तरी पुढची पाळी आठवडाभर वर गेली तर पट्टी कराच.

दुसरी गोष्ट पीआयडीची. फ्री फ्लुइडच्या पुढे प्रश्नचिन्ह टाकून बरेचदा ‘पीआयडी’ लिहिलेलं असतं. तुमच्या रिपोर्टवर नाही, पण उद्या कुणी तोंडी म्हणेल म्हणून सांगते. पीआयडी म्हणजे गर्भाशय, नळ्या आणि आजूबाजूला जंतूंमुळे आलेली खरी सूज. तिचं निदान थोड्या पाण्यावरून होत नाही, ते हाताने तपासून होतं. आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड बोटाने हळूच एका बाजूला हलवलं की पीआयडी असलेली बाई कळवळते. बरोबर दोन्हीकडे ओटीपोटात दुखतं, पिवळट किंवा वास येणारं पाणी अंगावरून जातं, कधी ताप येतो, संबंधाच्या वेळी आत दुखतं. असं असेल तर औषधं सुरू करायला उशीर करू नये, कारण नळ्या चिकटल्या की पुढे मूल राहायला अडचण येते. पण यातलं काहीच नसताना नुसत्या ‘मिनिमल फ्लुइड’वर चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांचा कोर्स देणं चूक आहे. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असे कोर्स दिले आहेत. बाई पंधरा दिवसांनी परत यायची, पाणी गेलेलं असायचं आणि आम्ही दोघी म्हणायचो, औषधाने गुण आला. ते पाणी तसंही जाणारच होतं. गोळ्यांनी तिला फक्त जुलाब आणि खाज दिली होती. हे मला कळायला काही वर्षं लागली, याचं आजही वाईट वाटतं.

तुम्हाला आतून तपासलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या मजकुरावरून तरी तपासलेलं दिसत नाही. पाच मिनिटांची ही तपासणी न करता केवळ कागद पाहून जो कुणी पिशवीचा निर्णय सांगेल, त्याचं ऐकू नका.

आता नॅबोथियन सिस्ट. गर्भाशयाचं तोंड, म्हणजे योनीत खाली उतरलेला त्याचा निमुळता भाग, आतून मऊ आणि ओलसर अस्तराचं असतं. त्या अस्तरातल्या बारीक ग्रंथी चिकट पाणी तयार करतात. बाहेरच्या बाजूला गालाच्या आतल्या कातडीसारखं चिवट आवरण असतं. वयात येताना आणि गरोदरपणात आतलं मऊ अस्तर थोडं बाहेर उलटतं. तिथे त्याला योनीतलं आम्ल लागतं, आणि हळूहळू चिवट आवरण त्याच्यावर चढत जातं. चढताना काही ग्रंथींची तोंडं झाकली जातात. विहिरीवर फरशी घातली म्हणून झरा थांबत नाही. खालची ग्रंथी पाणी बनवत राहते, ते साठतं आणि फुगवटा येतो. एवढीच ही ‘गाठ’.

प्रत्यक्षात ती कशी दिसते हे बाईला कधीच बघायला मिळत नाही, म्हणून सांगते. आत स्पेक्युलम घालून दिवा धरला की गुलाबी तोंडावर भिजवलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखे एकदोन दाणे दिसतात. पांढरट-पिवळसर, गुळगुळीत, आणि वरून एखादी बारीक लाल शीर झाडाच्या फांदीसारखी फुटत गेलेली. सुईने टोचलं तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव येतो. लाइपझिगच्या मार्टिन नॅबोथ नावाच्या वैद्याने १७०७ साली यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा त्याला वाटलं, ही बाईची बीजंच आहेत. तो चुकला, पण नाव त्याचंच राहिलं.

तुमच्यातली सगळ्यात मोठी सिस्ट ९ मिलिमीटरची आहे. काही मिलिमीटरपासून दीड सेंटिमीटरपर्यंतच्या सिस्ट बाळंतपण झालेल्या बायकांत नेहमी दिसतात, बहुधा दोन-चार एकदम. त्यांचा कॅन्सर होत नाही. त्या कॅन्सरची पहिली पायरीही नाहीत. कॉटरीने जाळायची गरज नाही, फोडायची नाही, दर सहा महिन्यांनी मोजायचीही नाही. फार मोठी होऊन एखादीने तोंडच अडवलं, तपासणीचा नमुना घेता येईना, किंवा बाईला आत दडपण जाणवू लागलं, तरच ती टोचून मोकळी करतात.

एक अपवाद आहे, अतिशय विरळ, पण मी तो लपवणार नाही. तोंडाच्या वरच्या थरात नव्हे तर खोल आत, एकमेकींना खेटून पुष्कळ सिस्ट असतील, त्यांच्यामध्ये घट्ट मांसल भाग दिसत असेल, आणि अंगावरून पाण्यासारखं इतकं जात असेल की पॅड लावावं लागतं, तर एमआरआय करून तुकडा तपासायला पाठवतात. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार असा सिस्टच्या वेषात असू शकतो. तुमच्या रिपोर्टवर दोन-तीन साध्या सिस्ट आहेत, मांसल भागाचा उल्लेख नाही, आणि अंगावरून जास्त जात असल्याचं तुम्हीही लिहिलेलं नाही.

कॅन्सरचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाकते, कारण तो दोन्ही बाजूंनी घात करतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या आधीच्या अवस्था सोनोग्राफीत दिसतच नाहीत. सिस्ट दिसली म्हणून कॅन्सर जवळ आला असं नाही, आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तोंड स्वच्छ आहे असंही नाही. हा कॅन्सर होतो एचपीव्ही विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या संसर्गामुळे, आणि तो शोधायला तोंडावरून नमुना घ्यावा लागतो: पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीची तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी एक साधी तपासणी असते. तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभराने बघतात, दोषी जागा पांढरी पडते. तुम्ही ३९ वर्षांच्या आहात. यापैकी एकही तपासणी कधी झाली नसेल तर करून घ्या, आणि ती सिस्टसाठी नव्हे, वयासाठी. तुम्हाला कॅन्सरची भीती घालणाऱ्याने खरं तर हीच तपासणी सुचवायला हवी होती.

राहिली ‘बल्की’ पिशवी. बल्की म्हणजे सूज नव्हे, बल्की म्हणजे नेहमीपेक्षा थोडी भरीव. मूल न झालेल्या बाईचं गर्भाशय साधारण सात ते आठ सेंटिमीटर लांब असतं. गरोदरपणात साठ-सत्तर ग्रॅमची ही पिशवी किलोभर होते, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत आवरून शंभर ग्रॅमच्या आत येते. पण पहिल्यासारखी कधीच होत नाही. ताणलेल्या स्नायूंचा आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांचा थोडा भाग कायमचा राहतो. दोन बाळंतपणांनंतर आठ ते दहा सेंटिमीटर लांबी आणि चार-पाच सेंटिमीटर जाडी अगदी सर्रास दिसते. तुमची मापं आहेत ९.६, ५.२ आणि ४.७. ही दोन मुलांच्या आईची पिशवी आहे.

‘बल्की’ कुठून सुरू होतं याची एकच पक्की रेघ नाही, हेही लक्षात ठेवा. कुणी नऊ सेंटिमीटरपुढे लिहितं, कुणी दहापुढे, कुणी नुसतं बघून. लघवीची पिशवी किती भरली होती, गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, मोजताना तोंडाचा भाग कुठपर्यंत धरला, यावर पाचसात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एकाच बाईचे आठवड्याच्या अंतराने दोन सेंटरचे दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर आले आहेत. एकात बल्की, एकात नॉर्मल, आणि बाई तीच.

तेव्हा ‘बल्की’ शब्दानंतर काय लिहिलंय ते वाचायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये पुढे लिहिलंय की स्नायूचा पोत एकसारखा आहे, फायब्रॉइड नाही, आतल्या अस्तराची जाडी ९ मिलिमीटर. पंधराव्या दिवशी ९ मिलिमीटर अगदी योग्य. पाळीनंतर लगेच ती दोन-चार असते आणि पाळीच्या आधी सोळापर्यंतही जाते. इथेही पुन्हा ती कोपऱ्यातली तारीखच कामाला येते.

याउलट पिशवी गोल चेंडूसारखी झाली असेल, एक भिंत दुसरीपेक्षा जाड असेल, स्नायूत बारीक काळे ठिपके किंवा पंख्यासारख्या सावल्या दिसत असतील, तर ती अ‍ॅडिनोमायोसिसची लक्षणं. यात आतलं अस्तर स्नायूत शिरून वाढतं आणि दर पाळीला तिथेही सुजतं, ठणकतं. मग पाळीच्या आधीपासून कंबर-ओटीपोट धरतं आणि अंगावरून खूप जातं. हाही कॅन्सर नव्हे. पाळी कायमची बंद झाली की बहुतेक वेळा आपोआप निवतो. तिथेही मी आधी कागद बाजूला ठेवते आणि विचारते: दिवसाला किती पॅड? रात्री उठून बदलावं लागतं का? गुठळ्या पडतात का, केवढ्या? आठ दिवसांच्या वर जातं का? हिमोग्लोबिन किती? ही उत्तरं साधी असतील तर कागदावर अ‍ॅडिनोमायोसिस लिहिलेलं असूनही काहीच करावं लागत नाही. उत्तरं वाईट असतील तर पाळीपुरत्या गोळ्या, मग हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी, जी गर्भाशयात बसवली की काही वर्षं रक्तस्राव बराच कमी ठेवते, असं क्रमाने जातो. एवढं करूनही त्रास आटोक्यात येत नाही आणि बाई स्वतः म्हणते की आता पुरे, तेव्हा शस्त्रक्रियेचं बोलणं होतं. तोवर तो निर्णय तिचा झालेला असतो, कागदाचा नाही.

‘दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य मला फार लागतं. ओझरजवळच्या एका बाईची पिशवी दोन्ही बीजकोशांसकट ३४ व्या वर्षी काढली होती. तिच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेच्या आधीचा एकच कागद होता, सोनोग्राफीचा, आणि त्यावर तुमच्याच रिपोर्टमधले हे तीन शब्द. ती माझ्याकडे आली ती ३७ व्या वर्षी, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, सांधे धरतात म्हणून. बीजकोश गेले की पाळी बंद होण्याचे सगळे परिणाम एका रात्रीत सुरू होतात, आणि हाडं त्याच दिवसापासून ठिसूळ व्हायला लागतात. बीजकोश ठेवले तरी गर्भाशय काढलेल्या बायकांत ते सरासरीने लवकर थकतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशव्या काढणं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा असं राज्यांना बजावलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत विचारायला संकोच वाटू नये म्हणून सांगते.

पाळी बंद झालेल्या बाईच्या हातात असाच रिपोर्ट असेल तर मात्र वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. तुमच्या सासूबाईंनी किंवा आईने स्वतःच्या रिपोर्टशी ताडून बघू नये म्हणून हे मुद्दाम लिहिते. पाळी गेल्यावर गर्भाशय आकसत जातं, त्यामुळे त्या वयात नव्याने बल्की दिसलं तर कारण शोधायचं. बीज फुटत नाही, म्हणून पाण्याला ते कारणही उरत नाही; पाणी थोडंसं आणि बीजकोश साधे असतील तर काळजी कमी, पण पाणी जास्त असेल किंवा बीजकोशात घट्ट भाग असेल तर लगेच पुढच्या तपासण्या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी रिपोर्ट काहीही म्हणो, आठवडाभरात दाखवायचं. नॅबोथियन सिस्ट तेवढ्या त्या वयातही बहुतेक निरुपद्रवीच राहतात.

आता तुम्ही काय करायचं ते. आत्ता औषध काही नाही. लगेच दुसरी सोनोग्राफीही नको. २८ दिवसांच्या हिशेबाने तुमची पाळी ३१ ऑगस्टच्या आसपास यायला हवी. पाळी थांबल्यावर, म्हणजे साधारण ५ ते ७ सप्टेंबरच्या दरम्यान, जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन आतून तपासून घ्या आणि त्याच वेळी तोंडाचा नमुना द्या. पाळी चालू असताना तो नीट येत नाही, आणि आदले दोन दिवस संबंध व आत ठेवायच्या गोळ्या टाळायच्या. हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. घरच्यांच्या मनासाठी सोनोग्राफी पुन्हा करायचीच असेल तर तीही त्याच दिवसांत करा. तेव्हा बीज फुटलेलं नसतं, अस्तर पातळ असतं, मागचं पाणी बहुधा दिसणार नाही आणि ते कवचही विरघळलेलं असेल. सिस्ट तेवढ्या जागेवरच असतील, आणि पिशवी नऊ-साडेनऊचीच राहील. त्या बदलल्या नाहीत म्हणून दचकू नका.

मधल्या काळात पुन्हा दुखलं, तर किती दुखलं यापेक्षा पाळीचा कितवा दिवस होता ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात १२ ते १४ सप्टेंबरच्या आसपास डावीकडे किंवा उजवीकडे दिवस-दीड दिवस तसंच दुखून थांबलं, तर ते बीज फुटण्याचंच. मात्र ताप आला, दुखणं वाढत गेलं, उलट्या व्हायला लागल्या किंवा चक्कर आली, तर तारखा मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि जाताना रिपोर्टचा फोटो नाही, मूळ कागद न्या, फिल्मसकट.